चाळीसच्या जागी ऐंशी: कागद, लाईट आणि आवाज यातलं कोण नक्की काय पकडतं

भिवंडीच्या एका औषधांच्या गोदामात मी काही वर्षं डिस्पॅच सांभाळत होतो. एक दिवस एका केमिस्टचा फोन आला, टेल्मिसार्टन ४० मागवली होती आणि बॉक्स आलेत ८० चे. बीपीची गोळी, थेट दुप्पट डोस. त्यांनी बॉक्स फोडायच्या आधी बघितलं म्हणून बरं, पण माझ्या पोटात गोळा आला तो आलाच. नंतर बरीच वर्षं मी हाच विचार करत राहिलो की चूक नेमकी कुठल्या क्षणी होते, आणि ती पकडायला ऑर्डरचा माल रॅकवरून काढायच्या तीन पद्धती, म्हणजे कागदाची लिस्ट, रॅकवरचे लाईट आणि कानातला आवाज, यातलं कोण कुठे उभं असतं.

आधी तो क्षण जवळून बघू. ४० चा बिन, म्हणजे रॅकमधला कप्पा, होता ०४-२३ आणि त्याच्या शेजारी, ०४-२४ मध्ये ८०. बॉक्स एकाच कंपनीचे, आकार सेम, फरक काय तर एक रंगाची पट्टी आणि एक आकडा. पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणाऱ्याच्या हातात लिस्ट, लिस्टवर बारा लाईनी, एका लाईनीत एक वस्तू. तो नंबर वाचतो, डोक्यात ठेवतो, चार पावलं चालतो, रॅकवर नंबर शोधतो, माल काढतो, परत लिस्टवर येतो आणि टिक मारतो. या प्रत्येक वळणावर नजर कागदावरून रॅकवर आणि रॅकवरून कागदावर उडी मारते, त्यात मध्येच कोणी हाक मारली की बोट एक ओळ खाली सरकतं आणि कळतही नाही. बरेच जण तर टिक सगळ्या शेवटी एकदमच मारतात, म्हणजे ती टिक माल बरोबर आहे हे सांगतच नाही, फक्त पिकर शेवटपर्यंत पोचला एवढंच सांगते. कागद स्वतःहून काहीच पकडत नाही, पकडणार तो पुढचा चेकर, आणि त्याच्यासमोर तेव्हा तीस क्रेट थांबलेले असतात.

आता हिशेब बघा. हजार लाईनीत पाच चुका म्हणजे ९९.५ टक्के अचूक, ऐकायला झकास वाटतं. पण एका ऑर्डरमध्ये बारा लाईनी असतील तर बाराच्या बारा बरोबर जायची शक्यता ०.९९५ चा बारावा घात, म्हणजे साधारण ९४ टक्के, म्हणजे शंभरातल्या सहा ऑर्डरमध्ये काहीतरी चुकलेलं. तेच हजारात एक चूक केली तर शंभरात साधारण एक ऑर्डर. म्हणून कोणी सिस्टीम विकायला येऊन टक्केवारी सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही टक्केवारी लाईनीमागे की ऑर्डरमागे?

पिक टू लाईटमध्ये प्रत्येक बिनला एक छोटा डिस्प्ले, दिवा आणि बटण असतं. क्रेटचा बारकोड स्कॅन केला की ज्या ज्या बिनमधून माल काढायचा तिथले दिवे लागतात, आकडा दिसतो, माल काढायचा आणि बटण दाबायचं. नंबर वाचणं आणि लक्षात ठेवणं या दोन्ही गोष्टी गेल्या, त्यामुळे ओळ चुकण्याचा प्रकारच संपतो आणि स्पीडही मस्त मिळतो. पण हे बटण सांगतं की कोणीतरी बटण दाबलं, हात कुठल्या बिनमध्ये गेला ते नाही सांगत. आमच्याकडे जोरात खपणाऱ्या मालाच्या रॅकवर लाईट बसवले तेव्हा हेच झालं, डिस्प्ले बिनच्या खालच्या पट्टीवर होता आणि नवीन पोरांना वाटायचं तो खालच्या बिनचा आहे, बटण बरोबर आणि हात खाली. पट्टीवर वरच्या दिशेचे मोठे बाण चिकटवले तेव्हा कुठे ते थांबलं. दुसरं म्हणजे डिस्प्लेवर नुसता "२" येतो. दोन बॉक्स की दोन स्ट्रिप? एका बॉक्समध्ये दहा स्ट्रिप असतील तर ही चूक थेट दहापट होते. कागदावर निदान युनिटचा कॉलम तरी असतो. आणि दिवा प्रत्येक बिनला लागतो, म्हणून खर्चही बिनमागे वाढतो, महिन्यातून दोनदा हलणाऱ्या मालावर तो लावून काही उपयोग नाही.

आवाजाचं काम मी पुढे दुसऱ्या ठिकाणी, फ्रोजन मालाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये केलं, जिथे जाड ग्लोव्हजमध्ये कागद उलटत नाही आणि पेन चालत नाही. हेडसेटमधून लोकेशन ऐकू येतं, तिथे जायचं, आणि बिनवर चिकटवलेला दोन आकडी चेक नंबर वाचून बोलायचा. सिस्टीमकडचा नंबर जुळला तरच ती किती काढायचं ते सांगते. जुळला नाही तर पुढे जाऊच देत नाही! चुकीच्या जागी उभा असलेला माणूस माल काढायच्या आधीच पकडला जातो, ही गोष्ट कागदात नाही आणि लाईटमध्येही नाही. युनिटही बोलता येतं, "तीन बॉक्स". आकडे सुटे सुटे बोलायचे असतात, सदुसष्टऐवजी सहा सात, नाहीतर सात आणि साठ किंवा एकोणतीस आणि एकोणचाळीस यांचा गोंगाटात घोळ होतो.

पण यालाही पळवाट आहेच. चेक नंबर बदलले नाहीत तर रोजच्या बिनचे नंबर पिकरला पाठ होतात, आणि मग तो चालता चालताच नंबर बोलून टाकतो, पोचतो तेव्हा डोळे दुसरीकडे. ओळखायचं कसं? आधीच्या पिकपासून चेक नंबर बोलेपर्यंतचा वेळ लॉगमध्ये बघायचा, तेवढ्यात ते अंतर चालून होणं शक्यच नसेल तर नंबर वाचलेला नाही, आठवलेला आहे. उपाय सोपा, स्टिकर अधूनमधून बदलायचे, शेजारच्या बिनला एकसारखे किंवा ओळीने नंबर द्यायचे नाहीत, आणि नंबर लांबून दिसणार नाही असा लावायचा. मात्र "तीन" ऐकून पोपटासारखं "तीन" म्हणून चार उचलले तर आवाज ते पकडत नाही.

माझं मत विचाराल तर दाटीवाटीने लावलेला, सतत हलणारा माल असेल तिथे लाईट, आणि पसरलेलं गोदाम, हात अडकलेले, एकसारखे दिसणारे शेजारी असतील तिथे आवाज. औषधांना मी आवाजच निवडेन, आणि जोडीला बॉक्सचा बारकोड स्कॅन, कारण तिन्ही पद्धती फार तर जागा तपासतात, वस्तू नाही.

हे मला त्या ऐंशीच्या प्रकरणानंतर नीट कळलं. त्या दिवशी आम्ही दोन्ही बिन मोजले, ०४-२३ मध्ये तीन बॉक्स जास्त आणि ०४-२४ मध्ये तीन कमी, दोन्हीत आपापलाच माल. म्हणजे हात चुकला होता. काही महिन्यांनी ४० च्या त्याच बिनची तक्रार परत आली, पण या वेळी एकाच दिवसात तीन केमिस्टकडून, आणि पिकर तिघेही वेगळे. बिन उघडला तर पुढे ८० चं एक कार्टन आणि मागे ४०. रात्री माल भरणाऱ्याने कार्टन चुकीच्या बिनमध्ये लावलं होतं, पिकर बिचारे बरोबर जागी जाऊन चुकीचा माल काढत होते. दिवा असता तरी बरोबर लागला असता, चेक नंबरही जुळला असता. त्या आठवड्यात आम्ही पिकिंगला हात लावला नाही, माल भरताना आधी कार्टन आणि मग बिन असे दोन स्कॅन सक्तीचे केले.