पार्श्वभूमी : ‘आधी आलेला’ माल, पण कोणत्या तारखेला आलेला?

फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरून किंमत लावणं, लिफो म्हणजे शेवटी आलेला आधी गेला असं धरणं. फिफोचा विषय निघाला की गाडी हमखास लिफोकडे वळते. अमेरिकेच्या करकायद्याने १९३९ मध्ये लिफो सर्वांना खुली केली. आंतरराष्ट्रीय लेखा मानकाने २००३ च्या सुधारणेत ती काढून टाकली आणि हा बदल २००५ पासून लागू झाला. त्या भांडणावर भरपूर लिहून झालं आहे. स्टॉक लेजर लिहिणाऱ्याला छळणारा प्रश्न मात्र वेगळा आहे : माल ‘आधी आला’ हे कोणत्या तारखेवरून ठरवायचं?

हाताने लिहायच्या लेजरमध्येही हा प्रश्न होता, पण तो उघड्यावर असे. आवक, जावक, शिल्लक असे तीन भाग आणि प्रत्येकात नग, दर, रक्कम. उशिरा कळलेली खरेदी खालच्याच ओळीत लिहावी लागे आणि मागची तारीख बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरे. १९७४ पासून बारकोड दुकानाच्या काउंटरवर वाचला जाऊ लागला, पुढे संगणक स्वस्त झाले, आणि एरवी वर्षअखेरीच्या मोजदादीवर भागवणाऱ्यांनाही दर विक्रीला लगेच किंमत लावता येऊ लागली. विक्री क्षणात नोंदली जाऊ लागली. खरेदी मात्र बिल हातात येईपर्यंत थांबून राहिली. गोंधळ या फटीतला आहे.

एक महिना घेऊ. सुरुवातीला १०० नग, दर १०. पाच तारखेला ६० नग आले, दर १२. आठला १२० विकले. जुने १०० संपले, वर नव्यातले २० गेले : १००० आणि २४०, मिळून १२४०. मागे १२ च्या दराचे ४० नग उरले. चौदाला ८० नग आले, दर १३. वीसला ७० विकले : ४० नग १२ ने, ३० नग १३ ने, म्हणजे ८७०. विकलेल्या मालाची किंमत २११०, शिल्लक ५० नग १३ ने, ६५०.

दर विक्रीला किंमत लावणाऱ्या या निरंतर पद्धतीऐवजी महिनाअखेर एकदाच हिशेब केला तरी फिफोत हेच उत्तर येतं, कारण शेवटी उरतात ते सर्वांत उशिरा आलेले नगच. सरासरी पद्धतीत असं होत नाही. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि क्रम बरोबर आहे हे गृहीतच धरतात.

आता पाच तारखेच्या मालाचं बिल सोळाला आलं आणि खरेदी सोळाचीच नोंदली गेली असं समजा. आठला लेजरमध्ये १०० नग असताना १२० गेले, शिल्लक उणे २०. सॉफ्टवेअर बहुधा शेवटचा माहीत असलेला दर, म्हणजे १०, तात्पुरता लावतं. चौदाला १३ चे ८० आले की त्यातले २० हा खड्डा भरतात आणि आठच्या विक्रीची किंमत १२६० होते. उरलेले ६० नग १३ चे. सोळाला नोंदलेले १२ चे ६० त्यांच्या मागे रांगेत लागतात. वीसच्या ७० मध्ये १३ चे ६० आणि १२ चे १० जातात : ९००. एकूण २१६०, शिल्लक ५० नग १२ ने, ६००.

माल तोच, बिलं तीच, नफा मात्र ५० ने कमी. आणि हे ताळ्यात सापडत नाही. सुरुवातीचा साठा आणि खरेदी मिळून २७६० होतात. २११० आणि ६५० ही २७६०, २१६० आणि ६०० ही २७६०. ‘ताळा जमला’ म्हणून सही करणारे इथेच फसतात. खुणा दोनच : मधल्या कुठल्याही ओळीत उणे शिल्लक, आणि उरलेल्या नगांचा दर प्रत्यक्षात शेवटी आलेल्या मालाच्या दराशी न जुळणं. पहिली खूणही बऱ्याचदा दिसत नाही, कारण साठा भरपूर असेल तर शिल्लक उणे न होताच रांग उलटी लागते.

बिलाची तारीख धरावी असं म्हणणारे अजूनही आहेत, कारण दर बिलावरच पक्का होतो. मला ते पटत नाही. माल आपल्या ताब्यात आला तो दिवस आवकेचा. त्या दिवशी खरेदी आदेशातल्या दराने त्या नगांचा वेगळा थर रांगेत उभा करावा, बिल मागून आलं तरी थराची जागा हलत नाही. बिलात दर १२ ऐवजी १२.५० निघाला तर ६० नगांवरचा फरक ३०. सोळा तारखेपर्यंत त्यातले २० नग विकले गेलेत आणि ४० पडून आहेत, म्हणून १० विकलेल्या मालाच्या किमतीत जातात आणि २० साठ्यात. सगळे ३० एकाच खात्यात ढकलणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती वापरणाऱ्याने ही वाटणी जर्नल नोंदीने स्वतःच करावी, तीही महिना बंद होण्याआधी.