चिनी वाक्यातलं पहिलं नाम कर्ता नसतं तेव्हा

चिनी भाषेचं पहिलं व्याकरण शिकताना सांगतात, की या भाषेची रचना इंग्रजीसारखीच आहे: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. ते खोटं नाही. ‘वो माय शू’ म्हणजे ‘मी पुस्तक विकत घेतो’, आणि शब्दांचा क्रम थेट ‘आय बाय बुक्स’चा आहे. पण एवढ्याच शिदोरीवर अनुवादाला बसलं की दुसऱ्याच परिच्छेदात अडायला होतं. चिनी वाक्याच्या सुरुवातीला येणारं नाम पुष्कळदा क्रियापदाचा कर्ता नसतंच. वाक्य कशाबद्दल आहे, एवढंच ते सांगतं. आधी विषय ठेवायचा आणि मग त्याबद्दलचं विधान करायचं, अशी ही मांडणी आहे. भाषाशास्त्रज्ञ युआन रेन चाओ यांनी 1968च्या त्यांच्या व्याकरणात हे ठामपणे मांडलं. 1976मध्ये चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी याच आधारावर कर्ताप्रधान आणि विषयप्रधान असा भाषांचा भेद केला. इंग्रजी पहिल्या गटात, चिनी दुसऱ्या.

विषय आणि कर्ता यांची गल्लत होते, कारण साध्या वाक्यांत दोन्ही एकाच जागी बसतात. ‘वो माय शू’मधला ‘वो’ विषयही आहे आणि घेणाराही. ते कुठे वेगळे होतात हे पाहायला थोडं लांब वाक्य घ्यावं लागतं. भाड्याने घर शोधणारा माणूस सहज म्हणेल असं हे वाक्य पाहा:

‘ना थाओ फांगझ, छूफांग श्याओ, लिनज्यू छाओ, ली दीथ्ये यौ युआन, सुओयी वो मेइ झू.’

शब्दाला शब्द ठेवला तर: ते घर, स्वयंपाकघर लहान, शेजारी गोंगाटी, मेट्रोपासून शिवाय लांब, म्हणून मी नाही भाड्याने घेतलं.

आता प्रत्येक तुकड्याचा कर्ता शोधा. ‘लहान’चा कर्ता स्वयंपाकघर, ‘गोंगाटी’चा शेजारी. मग ‘मेट्रोपासून लांब’चा कोण? तिथे शब्दच नाही. इंग्रजीची सवय असलेला वाचक लगेच मागचा कर्ता उचलतो, आणि त्याच्या अनुवादात शेजारी मेट्रोपासून लांब राहायला जातात. चिनी वाचकाला ही शंकाही येत नाही. त्याच्या मनात सुरुवातीला ठेवलेलं ‘ते घर’ अजून तसंच आहे. स्वयंपाकघर आणि शेजारी आपापल्या तुकड्यापुरते आले आणि गेले. शेवटच्या तुकड्यात ‘वो’, म्हणजे मी, हा स्पष्ट कर्ता येतो, तरीही काय भाड्याने घेतलं नाही हे पुन्हा सांगावं लागत नाही. तिथे घर हे कर्म आहे. म्हणजे एकच नाम पहिल्या दोन तुकड्यांत मालकाच्या नात्यात, तिसऱ्यात कर्त्याच्या आणि चौथ्यात कर्माच्या नात्यात उभं आहे, आणि उच्चारलं गेलंय फक्त एकदा.

गाळलेली जागा विषयाने भरायची, जवळच्या कर्त्याने नाही, ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. चिनीतून होणाऱ्या चुकीच्या अनुवादांचं एक मोठं कारण इथेच आहे. चूक ओळखायची खूणही सोपी आहे. अनुवादात एखादं विशेषण भलत्याच गोष्टीला चिकटलेलं दिसलं, की मागे जाऊन शेवटचा विषय कुठे ठेवला होता ते पाहावं. विषयानंतर बहुधा छोटा विराम असतो. लिखाणात तिथे स्वल्पविराम असू शकतो, बोलण्यात ‘आ’, ‘न’ किंवा ‘बा’ असा एखादा निपात येतो.

इंग्रजीत हे वाक्य नेताना क्रम मोडावाच लागतो. ‘आय डिडन्ट रेन्ट दॅट फ्लॅट: द किचन वॉज स्मॉल, द नेबर्स वेअर नॉइझी, अँड इट वॉज अ लाँग वे फ्रॉम द मेट्रो.’ शेवटचा तुकडा पुढे गेला, सुरुवातीचं घर त्यातलं कर्म झालं, ‘मी’ सर्वांत आधी आला, आणि चिनीत नसलेलं ‘इट’ घालावं लागलं, कारण इंग्रजी क्रियापदाला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही. काही अनुवादक प्रत्येक विषयापुढे ‘अ‍ॅज फॉर’ लावून मूळ क्रम वाचवतात. मला ते पटत नाही. ‘अ‍ॅज फॉर दॅट फ्लॅट’ म्हटलं की दुसऱ्या फ्लॅटशी तुलना चालू आहे असं वाटतं. चिनी वाक्यात ती तुलना असतेच असं नाही. तिथे विषय पुढे ठेवणं ही रोजची, बिनजोराची मांडणी आहे.

विषयाच्या जागेचा आणखी एक परिणाम इंग्रजीच्या ‘अ’ आणि ‘द’वर होतो. चिनीत ही उपपदं नाहीत, पण जागा त्यांचं बरंचसं काम करते. ‘खरन लाय ल’ म्हणजे पाहुणे आले, ज्यांची वाट पाहत होतो तेच. ‘लाय खरन ल’ म्हणजे कुणीतरी पाहुणे आलेत, अचानक. क्रियापदाआधीचं सुटं नाम ऐकणाऱ्याला माहीत असलेलं धरलं जातं, कारण माहीत नसलेली गोष्ट विषय म्हणून पुढे ठेवून तिच्याबद्दल बोलता येत नाही. म्हणून पहिल्या वाक्याला इंग्रजीत ‘द गेस्ट्स’ आणि दुसऱ्याला उपपदाविना नुसतं ‘गेस्ट्स’.

कधीकधी वाक्य एकटं घेतलं तर निर्णयच होत नाही. ‘जी बु छ्र ल’ यात कोंबडी, नाही, खाणं आणि बदल दाखवणारा ‘ल’ एवढंच आहे. खुराड्यापाशी म्हटलं तर कोंबडी आता खात नाहीये. जेवणाच्या टेबलावर म्हटलं तर चिकन आता नको. दोन्ही अर्थांत कोंबडी हाच विषय आहे. ती खाणारी की खाल्ली जाणारी, हे व्याकरण सांगत नाही, प्रसंग सांगतो.

मराठी वाचकाने चिनीकडे इंग्रजीतून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ‘शिन श्ये हाओ ल’ हे वाक्य इंग्रजीत ‘द लेटर हॅज बीन रिटन’ असं कर्मणी होतं. उलट दिशेने जाताना विद्यार्थी त्या कर्मणीसाठी ‘बेइ’ घालून ‘शिन बेइ श्ये हाओ ल’ करतात, आणि ते चिनी कानाला खटकतं. मराठीत सरळ ‘पत्र लिहून झालं’. कुणी लिहिलं याची चौकशी नाही. घराचं वाक्यही आपण बोलताना जवळपास त्याच क्रमाने म्हणू: ‘तो फ्लॅट ना, स्वयंपाकघर लहान, शेजारी कटकटे, मेट्रोपासून पण लांब, म्हणून मी नाही घेतला.’ शिवाय आपल्याकडे ‘घेतला’ हे रूप फ्लॅटकडेच बोट दाखवतं. चिनी क्रियापदाला लिंग-वचनाचं रूप नाही, त्यामुळे ती खूण तिथे मिळत नाही.

मात्र ही सोबत एका जागी संपते. ‘ना छांग यू, शिंगख्वेई वोमन मेइ छूमन’: तो पाऊस, नशीब आपण बाहेर पडलो नाही. यात पाऊस कर्ता नाही, कर्म नाही, कुणाचा मालकही नाही. बोलताना आपण तो असाच सुटा ठेवून पुढे जाऊ. लिहिताना मात्र मराठीला प्रत्यय हवा असतो: त्या पावसात, त्या पावसाच्या वेळी, की त्या पावसामुळे? चिनीने न सांगितलेलं नातं अनुवादकाला निवडावं लागतं. ‘त्या पावसामुळे’ घेतलं तर पाऊस हे बाहेर न पडण्याचं कारण होतं आणि ‘नशीब’ निरर्थक ठरतं. ‘त्या पावसात’ घेतलं तर सुटकेचा भाव टिकतो. इंग्रजीतही हेच करावं लागतं: ‘थँक गुडनेस वुई डिडन्ट गो आउट इन दॅट रेन’.