कार्ड रीडरला कसं जाणवतं?

मेट्रोच्या फाटकावर टेकवायच्या कार्डात बॅटरी नसते. आत तारेची एक चपटी कॉइल आणि एक चिप, एवढंच. रीडरमध्ये दुसरी कॉइल असते आणि तिच्यातून १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह वाहतो. दोन्ही मिळून होतो हवेच्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर. लोखंड नसल्यामुळे गाभा संपृक्त होत नाही आणि चुंबकीय प्रवाह विद्युतप्रवाहाच्या प्रमाणातच राहतो, म्हणून याला रेषीय ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

पण लोखंड नसल्याची किंमतही आहे. रीडरच्या कॉइलभोवती तयार झालेल्या क्षेत्राचा थोडाच भाग कार्डाच्या कॉइलमधून जातो. दोन कॉइल किती जोडल्या गेल्या आहेत हे सांगणारा कपलिंग गुणांक k शून्य ते एक यांच्यामध्ये असतो. लोखंडी ट्रान्सफॉर्मरमध्ये तो एकच्या अगदी जवळ असतो, इथे ०.१ धरू. म्हणूनच वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून भार दुसऱ्या बाजूला नेण्याचा शाळेतला नियम इथे चालत नाही. मग कार्ड जवळ आल्यावर रीडरच्या स्रोताला नेमका किती इम्पिडन्स दिसतो?

रीडरची कॉइल १ मायक्रोहेन्री, तिचा रोध १ ओहम. कार्डाची कॉइल ४ मायक्रोहेन्री, तिचा रोध आणि चिपचा भार मिळून २० ओहम. (प्रत्यक्षात चिप कॅपॅसिटरला समांतर असते, मी तिचं समतुल्य एकसर रूप घेतलं आहे.) परस्पर इंडक्टन्स M = k√(L₁L₂) = ०.२ मायक्रोहेन्री. या वारंवारतेला ωL₁ ८५ ओहम, ωL₂ ३४१ ओहम आणि ωM १७ ओहम येतो.

आता दोन लूप, दोन समीकरणं:

```
V = (R1 + jωL1) I1 − jωM I2
0 = −jωM I1 + Z22 I2
```

Z22 म्हणजे कार्डाच्या लूपमधला सगळा इम्पिडन्स. दुसऱ्या समीकरणातून I2 काढून पहिल्यात घातला की

```
Zin = R1 + jωL1 + (ωM)² / Z22
```

शेवटचं पद म्हणजे परावर्तित इम्पिडन्स. त्यात M चा वर्ग आहे, त्यामुळे कॉइल उलटी गुंडाळली तरी Zin बदलत नाही. Z22 मात्र छेदात आहे, म्हणून कार्डाचा प्रेरकपणा रीडरकडे धारकपणा होऊन पोचतो. रोधाचा भाग नेहमी धन असतो. हिशेबात तो ऋण आला तर चिन्ह कुठेतरी चुकलं आहे असं समजावं.

आकडे घालू. कार्डात कॅपॅसिटर नसेल तर (ωM)² = २९०, त्याला २० + j३४१ ने भागलं की ०.०५ − j०.८५ ओहम मिळतात. म्हणजे रीडरच्या १ ओहममध्ये जेमतेम एक विसांश ओहमची भर. कार्ड असून नसल्यासारखं.

आता कार्डात ३४.४ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर घाला. ३४१ ओहमचा प्रेरक भाग पूर्ण रद्द होतो, Z22 मध्ये २० ओहम उरतात आणि परावर्तित इम्पिडन्स २९० ÷ २० = १४.५ ओहम होतो. रोधाचा भाग जवळपास तीनशेपट! एवढ्या क्षीण जोडणीवर कार्ड चालतं ते या अनुनादामुळे.

रीडरनेही १३८ पिकोफॅरडने आपले j८५ ओहम रद्द केले, तर १ व्होल्टच्या स्रोताला १५.५ ओहम दिसतात आणि प्रवाह ६४ मिलिअँपिअर होतो. पडताळा घेऊ: I2 = १७ × ०.०६४ ÷ २० ≈ ०.०५५ अँपिअर. कार्डात खर्च झालेली शक्ती ०.०५५² × २० ≈ ०.०६ वॅट, आणि रीडरच्या बाजूने ०.०६४² × १४.५ सुद्धा तेवढीच.

कार्ड बोलतं ते याच पदातून. चिप आपला भार आतल्या आत बदलते. लूपचा रोध २० वरून ४० ओहम झाला, तर परावर्तित इम्पिडन्स ७.३ वर येतो आणि रीडरचा प्रवाह १२१ मिलिअँपिअर होतो. रीडर हा चढउतार वाचतो. कार्डाकडून एकही वेगळी लहर पाठवावी लागत नाही, आणि मला या रचनेतलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. मात्र कार्ड दूर नेऊन k निम्मा केला की परावर्तित इम्पिडन्स चौथाई होतो.

k मोजण्याची प्रसिद्ध पद्धत म्हणजे दुसरी कॉइल शॉर्ट करून पहिलीचा इंडक्टन्स पाहणं. रोध नगण्य असेल तर तो L₁(1 − k²) होतो. पण k = ०.१ असताना घट फक्त एक टक्का, साध्या मीटरच्या चुकीत बुडून जाणारी. अशा वेळी पहिल्या कॉइलमध्ये ठरावीक प्रवाह सोडून दुसरीच्या मोकळ्या टोकांवरचा व्होल्टेज मोजावा. तो ωM गुणिले प्रवाह असतो. हे १३.५६ मेगाहर्ट्झला करू नये. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काही पिकोफॅरड धारकताच कॉइलला अनुनादाकडे ओढते. १०० किलोहर्ट्झला १०० मिलिअँपिअर सोडले तर साधारण १२.६ मिलिव्होल्ट मिळतात, आणि M तोच राहतो.