क्रशरमध्ये हात सापडला तर अर्जात काय लिहायचं: यंत्र, गार्ड आणि स्विच

१ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू होते आणि रत्नागिरीपासून हर्णैपर्यंत बंदरांवरचे बर्फ क्रशर रात्रभर घरघरायला लागतात. लादी तोंडातून आत सोडायची, काटेरी रोलरने तिचा चुरा करायचा, चुरा होडीवर जायचा. बोटं जातात ती बहुतेक याच तोंडाशी. मग नुकसानभरपाईच्या अर्जात घटना दोन ओळींत उरकली जाते आणि हक्क तिथेच अडकतो. म्हणून इथे मुख्यतः त्या ओळींबद्दल लिहितो. पात्रता आणि कागदपत्रं थोडक्यात.

आधी पाहायचं ते एकच: कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहे का. पगारातून कपात होत असेल आणि विमा क्रमांक असेल, तर दावा ईएसआयच्या शाखा कार्यालयाकडे जातो आणि त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची असते. पूर्वी हे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली येत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. अपघाताची सूचना लवकरात लवकर लेखी द्यायची आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा. कामगार रोजंदारीवर आहे म्हणून तो अपात्र ठरत नाही.

आता गार्डबद्दल, म्हणजे क्रशरच्या तोंडावरच्या जाळीबद्दल. जुन्या कायद्यात होता तोच अपवाद नव्या संहितेतही आहे: सुरक्षेसाठी बसवलेला गार्ड, तो त्यासाठीच आहे हे माहीत असूनही, कामगाराने हेतुपुरस्सर काढला किंवा त्याकडे दुर्लक्ष केलं आणि थेट त्यामुळेच इजा झाली, तर मालक जबाबदार राहत नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालत नाही. पण बोटं जाणं हे बहुधा अंशतः अपंगत्व धरलं जातं, म्हणजे नेमक्या आपल्या प्रकरणात हा बचाव उभा राहू शकतो. "गार्ड नव्हता" एवढं लिहिलं की समोरचा म्हणतो, यानेच काढला.

एक प्रसंग घेऊ. समजा महेश, वय ३५, क्रशरवर लादी सोडतो. पहाटे साडेतीनला लादीचा तुकडा रोलरमध्ये रुतला आणि मोटर ट्रिप झाली. महेशने आकड्याने ओढून पाहिलं, आकडा घसरला, म्हणून त्याने हात घातला. स्टार्टरजवळच्या हेल्परला वाटलं तुकडा निघाला, त्याने बटण दाबलं. रोलर फिरला आणि उजव्या हाताची तर्जनी सापडली. महेशच्या घरच्यांनी लिहून आणलं होतं: "मशीनमधला बर्फ काढताना हात गेला. मशीन बंद करून दवाखान्यात नेलं."

यात मशीन चालू होती की बंद, हेच कळत नाही. "बंद" या शब्दात निदान चार अवस्था लपतात. बटण दाबून थांबवलेली. ओव्हरलोडने ट्रिप झालेली, पण मेन स्विच चालूच. वीज गेल्यामुळे थांबलेली. आणि बंद केली तरी जडपणामुळे रोलर अजून फिरतोय अशी. महेशची मशीन ट्रिप झालेली होती आणि मेन स्विच कोणी खाली केला नव्हता. ते लिहिलं की चालू मशीनमध्ये हात घातल्याचा आरोप टिकत नाही. ट्रिप झालेला रिले आधी रिसेट करावा लागतो, मग हिरवं बटण लागू होतं, आणि बऱ्याच स्टार्टरमध्ये लाल बटणच रिसेटचं काम करतं. म्हणून "मी लाल बटण दाबलं" असं कोणी म्हणालं तर विचारायचं: हात सापडण्याआधी की नंतर? आधी दाबलं असेल तर तो कदाचित रिसेट करत होता.

स्विच कोणी बंद केला, हेही याचमुळे महत्त्वाचं. नाव, तो काय काम करतो, कुठे उभा होता, कोणतं बटण किंवा मेन स्विच, आणि हात सापडल्यानंतर किती वेळाने. बंद करणारा माणूस हा जवळपास नेहमीच सर्वांत भक्कम साक्षीदार असतो, कारण त्याला यंत्राकडे वळून पाहावंच लागलं. चालू करणारा वेगळा असेल तर त्याचंही नाव लिहा. त्याच्यावर राग काढायचा म्हणून नव्हे, तर हात आत असताना यंत्र कसं फिरलं हे त्याच्याशिवाय कळत नाही म्हणून. बोट सोडवताना रोलर उलटा हाताने फिरवला की पट्टा कापला, तेही नोंदवा.

महेशच्या अर्जातला परिच्छेद आता असा होईल:

"क्रशरच्या तोंडावरची जाळी अपघाताच्या वेळी बसवलेली नव्हती. ती सुमारे तीन आठवड्यांपासून मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, तिची बिजागरी तुटली होती. ती मी काढलेली नाही. सुपरवायझरना हे तोंडी सांगितलं होतं, त्या वेळी सोबत दुसरा एक कामगार होता. बर्फ अडकून मोटर ट्रिप झाली, रोलर थांबला होता, मेन स्विच चालू होता. मी हात आत घातल्यावर स्टार्टरजवळच्या हेल्परने बटण दाबलं. रोलर फिरला आणि उजव्या तर्जनीची दोन पेरं सापडली. लोडिंग करणाऱ्याने धावत येऊन मेन स्विच खाली केला."

जाळी किती दिवस नव्हती हे अंदाजाने लिहायचं असेल तर "सुमारे" लिहा, पण खोटं नेमकेपण आणू नका. उलटतपासणीत एक तारीख चुकली की बाकी खरंही संशयात जातं. आणि जाळी खरोखर कामगारानेच, रोजच्या सांगण्याप्रमाणे, बर्फ काढायला उचलली असेल तर तसंच लिहा. कुणाच्या सांगण्यावरून, आणि तसं सगळेच करत होते का. सांगण्यावरून, सर्वांसमोर उचललेली जाळी म्हणजे "हेतुपुरस्सर दुर्लक्ष" असं आपोआप ठरत नाही.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बिघडतात. एक, दवाखान्यात दाखल करताना सोबतचा माणूस "घरी लागलं" असं सांगतो आणि केस पेपरवर तेच उतरतं. शक्य असेल तर जखमीने स्वतः सांगावं: कारखान्यात, क्रशरमध्ये. दुसरं, दुसऱ्या दिवशी जाळी बसवून मशीन पुन्हा चालू होते. त्याआधी मोबाइलने तोंडाचा, भिंतीला टेकलेल्या जाळीचा, तुटलेल्या बिजागरीचा आणि स्टार्टरचा फोटो घ्या. मूळ फोटो फोनमधून काढू नका.

इजेचं वर्णन पेरांच्या मापाने करा. संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईक्षमतेची हानी १४ टक्के धरली जाते, दोन पेरं गेली तर ११, एक पेर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. "बोट गेलं" असं लिहून डॉक्टरांचा दाखला दोन पेरांचा निघाला, तर विनाकारण गोंधळ होतो.

सोबत जोडायचं: केस पेपर, एक्सरे, डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा (भरपाईचा गुणक वयावरून ठरतो), हजेरी किंवा पगाराची पावती, पगार खात्यात येत असेल तर पासबुक, मालकाला दिलेल्या सूचनेची पोच, अपघात नोंदवहीतल्या नोंदीची प्रत आणि साक्षीदारांचे जबाब. नोंदवहीत काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. त्यात वेगळं लिहिलं असेल तर आपल्या सूचनेतच हरकत नोंदवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगारांना आणि महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

उजवा हात जखमी असेल तर जबाब सांगून लिहून घ्यावा लागतो. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवावा, लिहून घेतल्याचं आणि वाचून दाखवल्याचं खाली नमूद करावं, आणि मगच डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा.