फोटोतील आकृती मोजू नये, वाचावी

नागपुरात दहावीच्या शिकवणीला जाणारी मुले अडलेल्या उदाहरणाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून शिक्षकांना पाठवतात, आणि तो बहुधा तिरकाच येतो. सपाट पानाच्या तिरक्या फोटोत सरळ रेषा सरळच राहते, रेषेवरचा बिंदू रेषेवरच राहतो आणि छेदनबिंदूही टिकतात. मात्र कोनांची मापे, लांबींची गुणोत्तरे आणि मध्यबिंदूची जागा बदलते. पान शिवणीजवळ वाकले असेल, तर रेषासुद्धा वाकते. म्हणून फोटोवरून कोणता बिंदू कोणाशी जोडला आहे एवढेच पाहावे, आणि मापे मात्र छापलेल्या अंकांवरून व खुणांवरूनच घ्यावीत.

एक आकृती घेऊ. त्रिकोण ABC मध्ये A पासून BC वर AD हा रेषाखंड काढला आहे, D पाशी लहान चौकोन आहे, B पाशी 30°, C पाशी 45° आणि AB जवळ 10 लिहिले आहे. AC काढायची आहे. फोटोत D पाशी काटकोन दिसणारही नाही, पण तो लहान चौकोनच काटकोनाची ग्वाही देतो. त्रिकोण ADB मध्ये 30° कोनासमोरील बाजू कर्णाच्या निम्मी असते, म्हणून AD = 5. त्रिकोण ADC मध्ये C पाशी 45° असल्याने उरलेला कोनही 45° येतो, म्हणून DC = AD = 5, आणि पायथागोरसच्या प्रमेयाने AC = 5√2, म्हणजे सुमारे 7.07. फोटोत DC ही AD पेक्षा ठळकपणे लांब दिसली, तरी तो तिरकेपणाचा परिणाम समजावा.

खरी अडचण आहे ती 10 हा आकडा कोणत्या बाजूचा, हे ठरवण्याची. तो त्रिकोणाच्या आत, AB आणि BD यांच्या मधोमध छापला असेल, तर तो BD चाही वाटू शकतो. तसे मानल्यास AD = 10/√3, म्हणजे सुमारे 5.77, आणि AC सुमारे 8.16 येते. दोन्ही त्रिकोण निर्दोष असल्यामुळे ही चूक आकडेमोडीत पकडली जात नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत धोक्याची आहे. आकडा सहसा बाजूच्या मध्याजवळ असतो, एवढाच आकृतीतला आधार. निर्णायक पुरावा उदाहरणाच्या मजकुरात असतो. फोटोत त्या ओळी कापल्या गेल्या असतील, तर त्या मागवल्याशिवाय उत्तर देऊ नये.

अंक वाचण्यातील काही चुका मात्र स्वतःच उघड होतात. अंशाचे चिन्ह शून्य समजून 30° चे 300 वाचले, तर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180° च्या पलीकडे जाते. AC आधीच 5√2 दिलेली असून वर्गमूळाचे चिन्ह सावलीत हरवले, तर ती 52 वाचली जाते; मग काटकोन त्रिकोण ADC चा कर्ण 52 आणि इतर दोन्ही बाजू 5 होतात, आणि 5 + 5 ही बेरीज 52 पेक्षा मोठी नसल्याने असा त्रिकोण काढताच येत नाही.