‘अहिंसा परमो धर्मः’चा दुसरा चरण

“‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ असा पूर्ण श्लोक महाभारतात आहे आणि अर्धाच शिकवला जातो, हे खरं का?”

नाही. ‘धर्महिंसा तथैव च’, म्हणजे ‘धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच श्रेष्ठ’, हा जोडलेला चरण महाभारतात सापडत नाही. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसभक्षणाचे दोष सांगतात, तिथला श्लोक असा:

अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः।
अहिंसा परमं दानमहिंसा परमं तपः॥

अहिंसा – कोणालाही इजा न करणं. परमः धर्मः – सर्वांत मोठा धर्म. तथा – तसंच. परः दमः – श्रेष्ठ इंद्रियनिग्रह. परमं दानम् – सर्वांत मोठं दान. परमं तपः – सर्वांत मोठं तप.

थोडक्यात: अहिंसा हाच श्रेष्ठ धर्म, संयम, दान आणि तप.

घोटाळा होतो तो ‘तथाहिंसा’पाशी. घाईत ते ‘तथा हिंसा’ असं वाचलं जातं आणि अर्थ थेट उलटतो. संधी सोडवला की तथा + अहिंसा. मधला ‘अ’ आधीच्या ‘आ’मध्ये मिसळलाय. शिवाय पुढच्याच श्लोकात अहिंसेला यज्ञ, बळ, मित्र आणि सुख म्हटलंय. या ओळीत हिंसेला जागा कुठून येणार?

महाभारत युद्ध नाकारतं, असा याचा अर्थ मुळीच नाही. धर्मयुद्धाचं समर्थन हवं असेल तर गीतेचा दुसरा अध्याय आहेच, ‘धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत्क्षत्रियस्य न विद्यते’, म्हणजे क्षत्रियासाठी धर्मयुद्धाहून श्रेयस्कर दुसरं काही नाही. त्यासाठी भीष्मांच्या तोंडी नवी ओळ घालायची गरज नाही.

आदिपर्वात आणि वनपर्वातही ‘अहिंसा परमो धर्मः’ येतं. वनपर्वात धर्म जाणणारा मांसविक्रेता धर्मव्याध त्याला जोडतो ते ‘स च सत्ये प्रतिष्ठितः’, म्हणजे तो धर्म सत्यावर उभा आहे.