शिष्यवृत्ती विनंतीपत्र (शेतकरी कुटुंबातील वैद्यकीय विद्यार्थी)

शेतकरी कुटुंबातील वैद्यकीय विद्यार्थ्याने शैक्षणिक साहाय्यासाठी धर्मादाय न्यासाला लिहिलेले पत्र. महाराष्ट्रात अशा पत्राचा सर्वांत अवघड भाग म्हणजे उत्पन्न पटवून देणे. नोकरदाराकडे वेतनचिठ्ठी व फॉर्म 16 असतो. शेतीच्या उत्पन्नाला मात्र आयकरातून सूट असल्याने निव्वळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा विवरणपत्रच नसते, आणि तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, सात-बारा व आठ-अ यांवरच सगळी भिस्त राहते.

ही कागदपत्रे कधी कधी अर्जदाराच्याच विरुद्ध बोलतात. लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीच्या आजोबांच्या नावावर 12 एकर जिरायत जमीन आहे, असे धरू. उतारा पाहणाऱ्या विश्वस्ताला ती सधन घरची वाटेल. प्रत्यक्षात वाटणी झालेली नसते, तीन भावांत जमीन सामाईक असते आणि तिच्या वडिलांच्या वाट्याला 4 एकरच येतात. हे पत्रातच एका वाक्यात सांगून सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. पुढचा घोटाळा विक्रीच्या रकमेचा. एकरी 6 क्विंटल सोयाबीन आणि क्विंटलला 4,200 रुपये भाव धरला, तर आडत्याच्या पट्ट्यांवर 1,00,800 रुपये दिसतात. परंतु बियाणे, खत, फवारणी, काढणी व मळणी यांवर एकरी 18,000 रुपये गेले असतील, तर हाती 28,800 रुपयेच उरतात. हा हिशेब पत्रात मांडला नाही, तर पट्टी आणि दाखला यांतील तफावत लपवाछपवीसारखी दिसते, आणि खऱ्या गरजू मुलीचा अर्ज बाजूला पडतो, ही फार वाईट गोष्ट आहे.

मागणी नेमकी असावी. शासकीय योजनेतून शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळत असेल, तर ते स्पष्ट लिहून न भागणारा खर्चच मागावा: वसतिगृह, खानावळ, पुस्तके, पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रासाठी लागणारा हाडांचा संच. प्रतिपूर्ती उशिरा येत असल्यास आणि महाविद्यालय तोवर पूर्ण शुल्क मागत असल्यास ती रक्कम अनुदान म्हणून न मागता परतफेडीच्या बोलीवर मागणे अधिक रास्त ठरते. एमबीबीएसचे अध्ययन साडेचार वर्षांचे असते. त्यानंतरच्या एका वर्षाच्या आंतरवासितेत विद्यावेतन मिळते. त्यामुळे मागणी साडेचार वर्षांचीच करावी, व दरवर्षी गुणपत्रिका सादर करण्याची तयारी नोंदवावी.

शुल्काचा धनादेश अनेक न्यास थेट महाविद्यालयाच्या नावे काढतात. म्हणून बोनाफाईड प्रमाणपत्राबरोबर महाविद्यालयाचे शुल्कपत्रक आणि धनादेश ज्या नावाने काढायचा ते नेमके नाव पत्रासोबत दिलेले असावे. खानावळीसारख्या खर्चासाठी विद्यार्थिनीच्या स्वतःच्या बँक पासबुकाची प्रत वेगळी जोडावी.